हुशार मुलांना इ-2 आणि कच्च्या मुलांना #N/A: श्रेणी तक्त्याची दिशा चुकली की असं होतं

प्रश्न: सातवीचा निकाल एक्सेलमध्ये करतोय. 45 मुलं, 9 विषय, एकूण 900 गुण. शेकडा गुणांवरून श्रेणी आपोआप यावी म्हणून बाजूला श्रेणी तक्ता टाकला (91 अ-1, 81 अ-2, 71 ब-1... शेवटी 0 इ-2) आणि VLOOKUP लावला. साठ-सत्तरच्या पुढच्या सगळ्या मुलांना इ-2 आली आणि चाळीसच्या आसपासच्यांना #N/A. IF लावून पाहिलं तर कंसांतच हरवलो. शिवाय एका मुलाला 80.56 टक्के आहेत, त्याला अ-2 द्यायची की ब-1?

उत्तर:

तुमचं सूत्र बहुधा बरोबरच आहे, तक्ता तेवढा उलटा लावला गेलाय. परिपत्रकात श्रेणी वरून खाली छापतात, अ-1 सगळ्यात वर आणि इ-2 सगळ्यात खाली, आणि आपण तो तक्ता पाहून तसाच उतरवतो. माणसाला तो तसा वाचायला सोपा जातो. VLOOKUP ला मात्र तोच तक्ता लहानाकडून मोठ्याकडे चढत जाणारा लागतो. हे एक्सेल कुठे बजावून सांगत नाही, चूकही दाखवत नाही, म्हणून माणूस सूत्रातच चूक शोधत बसतो.

तुम्ही सांगितलेली लक्षणं नेमकी या चुकीचीच आहेत. अंदाजी जुळणी करताना VLOOKUP तक्ता पहिल्या ओळीपासून एकेक करत वाचत नाही. तो आधी मधली ओळ बघतो. तुमच्या नऊ ओळींत मधली ओळ 51 ची. मुलाचे टक्के 51 हून जास्त असले तर तो म्हणतो, उत्तर खालच्या अर्ध्यात असणार, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे खाली मोठे आकडे असतात. तुमच्याकडे खाली 41, 33, 21, 0 आहेत. हे सगळेच मुलाच्या टक्क्यांहून लहान, म्हणून तो घसरत शेवटच्या ओळीला जाऊन थांबतो आणि इ-2 घेऊन येतो. मुलाचे टक्के 51 हून कमी असले तर तो वरच्या अर्ध्यात जातो. तिथे 61, 71, 81, 91 आहेत, सगळे मोठे. मुलापेक्षा लहान किंवा त्याच्याइतका आकडा एकही सापडत नाही, म्हणून #N/A. तुमची यादी पुन्हा बघा, दोन गटांची हद्द 51 वरच सापडेल.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. आकडे आणि श्रेणी असे तक्त्याचे दोन्ही रकाने निवडा आणि Data मध्ये जाऊन Sort Smallest to Largest करा. फक्त आकड्यांचा रकाना निवडलात तर एक्सेल Expand the selection असं विचारेल, तिथे हो म्हणा. नाहीतर आकडे हलतील, श्रेणी जागच्या जागी राहतील आणि 0 च्या शेजारी अ-1 जाऊन बसेल. तक्ता असा दिसायला हवा:

```
     A     B
1   पासून   श्रेणी
2   0      इ-2
3   21     इ-1
4   33     ड
5   41     क-2
6   51     क-1
7   61     ब-2
8   71     ब-1
9   81     अ-2
10  91     अ-1
```

डावीकडच्या रकान्याला मी मुद्दाम "पासून" असं नाव दिलंय. जिन्यासारखं समजा. 81 ची पायरी चढेपर्यंत मूल 71 च्याच पायरीवर उभं असतं, मग ते 71 वर असो की 80.99 वर. परिपत्रकातला "71 ते 80" मधला 80 सूत्राला लागत नाही. वरची हद्द पुढची पायरीच ठरवते. तळाची 0 ही पायरी मात्र हवीच. ती विसरलात तर 20 आणि त्याखालच्या मुलांना पाय टेकायला जागा उरत नाही आणि तिथे #N/A येतं. तुमच्या शाळेत हद्दी वेगळ्या असतील तर त्या टाका, चढता क्रम तेवढा पाळा.

हा तक्ता मुलांच्या यादीशेजारी ठेवू नका, वेगळ्या शीटवर न्या. कारण असं की मध्येच एखादा मुलगा दाखला घेऊन जातो आणि आपण त्याची ओळ पूर्ण डिलीट करतो. तक्ता शेजारीच असेल तर त्याचीही तीच ओळ जाते. वरच्या मांडणीत पाचवी ओळ गेली तर क-2 ही श्रेणीच नाहीशी होते. सूत्र काही तक्रार करत नाही, तक्ता एका ओळीने आखडतो आणि 41 ते 50 मधली सगळी मुलं गुपचूप ड मध्ये जातात. म्हणून Shreni नावाची वेगळी शीट करा आणि तक्ता तिथे A1 पासून टाका.

आता निकालाची शीट. A मध्ये हजेरी क्रमांक, B मध्ये नाव, C ते K मध्ये नऊ विषयांचे गुण, L मध्ये एकूण, M मध्ये शेकडा, N मध्ये श्रेणी अशी मांडणी धरतो. पहिली ओळ शीर्षकांची, मुलं दुसऱ्या ओळीपासून. N2 मध्ये हे लिहा आणि खाली ओढा:

```
=VLOOKUP(M2,Shreni!$A$2:$B$10,2,TRUE)
```

यातल्या दोन जागा नीट बघा. शेवटचा TRUE म्हणजे "नेमका आकडा नसेल तर त्याच्या खालची पायरी घे". तो लिहिलाच नाही तरी एक्सेल TRUE च धरतं. पण सवयीने बरेच जण FALSE लिहितात, कारण नावावरून पत्ता शोधायला FALSE च लागतो. श्रेणीसाठी FALSE लावला तर ज्यांचे टक्के नेमके 81, 71 असे पायरीवरच पडतात त्या दोन-चार मुलांनाच श्रेणी मिळते, बाकी सगळीकडे #N/A.

दुसरी जागा $ ची. ती चिन्हं राहिली तर सूत्र खाली ओढताना तक्ताही एकेक ओळ खाली सरकत जातो. दुसऱ्या मुलापाशी 0 ची पायरी सुटते, तिसऱ्यापाशी 21 ची, असं चालू राहतं. दहाव्या मुलापासून पुढे तर तक्ता रिकामाच होतो. तेव्हा वरच्या काही ओळी बरोबर दिसल्या, आधी कमी गुणांच्या मुलांना आणि पुढे सगळ्यांनाच #N/A आलं, तर $ बघा. F4 दाबलं की ती चिन्हं लागतात.

आणखी एक लक्षण ओळखून ठेवा: वर्गातल्या झाडून सगळ्यांना इ-2, #N/A एकही नाही. इथे तक्ता बरोबर असतो, टक्के चुकलेले असतात. M रकान्याला % चं फॉरमॅट दिलेलं असलं की सेलमध्ये 81% दिसतं, पण आत 0.81 असतं. 0.81 म्हणजे 0 ची पायरी, म्हणजे इ-2. एकतर M मध्ये 100 ने गुणून साधा आकडा ठेवा आणि % चं फॉरमॅट काढा, नाहीतर तक्त्यात 0.81, 0.91 असे आकडे ठेवा. मी पहिलं सुचवेन. परिपत्रक आणि तक्ता शेजारी धरून ताडून पाहता येतात.

आता 80.56 कडे येऊ. सूत्रं एकदा लागली की लागली, वाद इथेच होतात. परिपत्रकात "71 ते 80" आणि "81 ते 90" असं लिहिलेलं असतं. 80 आणि 81 मधल्या जागेबद्दल त्यात काही नसतं, कारण शेकडा गुण पूर्णांकात येतील असं तिथे गृहीत आहे. तुमचा मुलगा बरोबर त्या फटीत सापडलाय. एक्सेल स्वतःहून त्याला ब-1 देईल, कारण 81 ची पायरी त्याने गाठलेली नाही. आधी पूर्णांक केलात तर 80.56 चे 81 होतात आणि अ-2 मिळते. कोणतं बरोबर, हे सूत्र सांगू शकत नाही. ते मुख्याध्यापकांनी ठरवायचं आणि सगळ्या वर्गांना, सगळ्या तुकड्यांना एकच लावायचं.

ठरवताना फरक किती गुणांचा आहे हे डोळ्यांसमोर ठेवा. 900 पैकी 729 म्हणजे बरोबर 81 टक्के. पूर्णांक न करता अ-2 साठी 729 गुण लागतात. पूर्णांक केला तर 725 ला, म्हणजे 80.56 ला, काम होतं. 724 ला मात्र नाही, कारण ते 80.44 येतात. म्हणजे प्रश्न 725 ते 728 या चार बेरजांपुरता आहे. प्रत्येक पायरीखाली अशी छोटी पट्टी असते. त्यात सगळ्यात नाजूक 33 च्या खालची: पूर्णांक केला तर 293 ते 296 गुणांची मुलं इ-1 मधून ड मध्ये येतात. म्हणून हा निर्णय निकाल लागण्याआधी घ्या. एखाद्या मुलाचं नाव समोर आल्यावर ठरवायला बसलात तर तो निर्णय त्या मुलापुरता घेतल्यासारखा दिसतो.

पूर्णांक करायचा ठरला तर तो M मध्येच करा:

```
=ROUND(L2*100/900,0)
```

नको असेल तर ROUND मधला 0 काढून 2 करा, म्हणजे 80.56 हेच राहील आणि दोन दशांश स्थळं छापली जातील. या दोन्हींच्या मधला एक मार्ग मात्र घेऊ नका, आणि नेमका तोच बहुतेक निकालपत्रकांत सापडतो. टूलबारवरचं Decrease Decimal चं बटण दाबून दशांश "घालवले" जातात. त्याने फक्त दिसणं बदलतं. कागदावर 81 छापलं जातं, आत 80.56 च राहतात, आणि शेजारी श्रेणी येते ब-1. पालक परिपत्रक घेऊन येतात, "81 ला अ-2 लिहिलंय की", आणि त्यांचं बरोबर असतं. जो आकडा छापला जाणार त्याच आकड्यावरून श्रेणी निघाली पाहिजे. M मध्ये ROUND लावलं की हे आपोआप साधतं.

सूत्रात मी आधी 100 ने गुणलंय आणि मग 900 ने भागलंय, तेही मुद्दाम. उलट केलं तर आधी अपूर्णांक तयार होतो, आणि अपूर्णांक संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेहमी तंतोतंत बसत नाहीत. 0.29 ला 100 ने गुणलं तर आत 29 हून केसभर कमी आकडा बनतो, सेलमध्ये मात्र 29 च दिसतो. तुमच्या पायऱ्यांत 29 नाही, पण एखाद्या शाळेने 29 ची पायरी ठेवली तर तो केस आडवा येऊ शकतो. विषयांना भारांक देऊन टक्के काढत असाल तर असे केस जास्त निघतात. तिथे ROUND ठेवलाच पाहिजे, निदान दोन स्थळांचा तरी.

गैरहजर मुलांचं वेगळं बघायला हवं, कारण इथे चूक दिसतच नाही. L मध्ये SUM आहे. गणिताच्या सेलमध्ये "गैह" लिहिलं किंवा सेल रिकामा ठेवला, तर SUM तो सोडून बाकी आठ विषयांची बेरीज करतं. भागाकार मात्र 900 नेच होतो. आठ विषयांत मिळून 640 गुण मिळवलेली मुलगी 71 वर येते आणि तिला ब-1 मिळते, जणू तिला गणितात शून्य पडलं. प्रत्यक्षात 800 पैकी 640 म्हणजे 80. योग्य काय ते शाळा ठरवेल, पुन्हा परीक्षा घ्यायची की कसं, पण सूत्राने तिथे थांबून बोट दाखवायला हवं. म्हणून N2 चं शेवटचं रूप असं ठेवा:

```
=IF(COUNT(C2:K2)<9,"अपूर्ण",VLOOKUP(M2,Shreni!$A$2:$B$10,2,TRUE))
```

COUNT फक्त आकडे मोजतं. नऊ आकडे भरले नसतील तर श्रेणीऐवजी "अपूर्ण" येईल. यात आणखी एक फायदा आहे. गुण देवनागरी आकड्यांत टाकलेले असले किंवा दुसऱ्या प्रोग्रामातून चिकटवताना मजकूर म्हणून आले असले, तर ते दिसतात आकड्यांसारखे पण बेरजेत धरले जात नाहीत. COUNT त्यांनाही मोजत नाही, त्यामुळे ती ओळ "अपूर्ण" म्हणून पुढे येते. नेमका कोणता सेल ते शोधायला रिकाम्या जागी `=ISNUMBER(C2)` लिहून बघा, FALSE आलं तर तो सेल पुन्हा टाइप करा.

उलट बाजूची चूकही असते. 85 च्या जागी 850 टाइप झालं तर टक्के 100 च्या पुढे जाऊ शकतात आणि VLOOKUP खुशाल अ-1 देतं, कारण 91 च्या पुढे पायरीच नाही. त्यामुळे C2 ते K46 निवडून Data Validation मध्ये Whole number, 0 ते 100 असं बंधन घाला. मग गैरहजर मुलाचा सेल रिकामा सोडायचा, "गैह" लिहायचं नाही. वरचं सूत्र ते ओळखतंच. पण हे बंधन हाताने टाइप करताना लागू होतं. दुसरीकडून कॉपी करून चिकटवलेल्या गुणांना ते अडवत नाही, ते एकदा नजरेखालून घाला.

IF बद्दल विचारलंत म्हणून. नऊ श्रेणींना आठ IF लागतात आणि आजच्या एक्सेलला ते पेलतात. 2003 च्या आवृत्तीपर्यंत एका IF च्या आत आणखी सातच चालायचे, म्हणजे तिथे हे आठ जेमतेम बसायचे. खरी अडचण कंसांचीही नाही. हद्द बदलली तर 45 ओळींतलं सूत्र पुन्हा उघडावं लागतं, आणि साहेबांनी "33 कुठून घेतलंत" असं विचारलं तर सूत्रात बोट घालून दाखवावं लागतं. तक्ता असला की तो उघडा असतो, एक आकडा बदलला की सगळा वर्ग बदलतो.

नवीन XLOOKUP मध्ये तक्त्याच्या क्रमाचं झंझट नाही:

```
=XLOOKUP(M2,Shreni!$A$2:$A$10,Shreni!$B$2:$B$10,"तपासा",-1)
```

शेवटचा -1 म्हणजे "नसेल तर खालची पायरी". तक्ता उलटा असला तरी हे बरोबर चालतं. गूगल शीट्समध्ये, एक्सेल 2021 मध्ये आणि मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये ते आहे. 2016 किंवा 2019 मध्ये मात्र नाही, तिथे सूत्र पुन्हा चाललं की #NAME? येतं. फाइल केंद्रशाळेत किंवा दुसऱ्या शिक्षकांकडे जाणार असेल आणि तिथे कोणती आवृत्ती आहे माहीत नसेल, तर VLOOKUP च ठेवा.

श्रेणीची अक्षरं युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या लिपी-फॉन्टमध्ये केली असतील तर VLOOKUP तीच आणतो, पण N रकान्याला तो फॉन्ट नसल्याने तिथे इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. सूत्र बरोबर असतं, फॉन्ट लावला की अ-1 दिसायला लागतं.

शेवटी तपासणी. मुलांच्या नावांवर तपासू नका, ती सोयीच्या आकड्यांवर बसलेली असतात. Shreni शीटवर बाजूला D2 पासून खाली 0, 20, 21, 32, 33, 40, 41, 50, 51, 60, 61, 70, 71, 80, 81, 90, 91, 100 असे अठरा आकडे लिहा, E2 मध्ये COUNT नसलेलं पहिलं साधं VLOOKUP सूत्र M2 च्या जागी D2 घालून लावा आणि खाली ओढा. श्रेणी जोडीजोडीने यायला हव्यात: पहिल्या दोन इ-2, पुढच्या दोन इ-1, मग दोन ड, असं करत शेवटच्या दोन अ-1. कुठे जोडी फुटली तर तीच पायरी चुकलीय. त्याखाली 80.56 आणि 32.56 हे दोन आकडे लिहा आणि E मध्ये त्यांच्यापुढे सूत्र लावताना D च्या जागी `ROUND(D20,0)` असं, पुढच्या ओळीला D21 घालून, लिहून बघा. अ-2 आणि ड आलं तर शाळेचा पूर्णांकाचा नियम सूत्रात उतरला. नियम पूर्णांक न करण्याचा असेल तर ROUND न लावता बघा, तिथे ब-1 आणि इ-1 यायला हवं.